विचारांना पूर्णविराम नसतो, असं मुलं लिहितात

मावळातल्या एका कॉलेजात मी एम.ए.च्या वर्गाला आधुनिकतावादी कादंबरी शिकवते. वर्गातली निम्मी मुलं लोकलनं येतात. उरलेली आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातून एसटीनं किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर मागं बसून येतात. अभ्यासक्रमात 'संज्ञाप्रवाह' हा घटक असतो, गाइडमध्ये त्याला अर्धं पान असतं आणि परीक्षेत त्यावर टीप येते. त्या अर्ध्या पानाशी माझं जे काही भांडण झालं, त्यातून हाती लागलेल्या या चार गोष्टी. मोजल्या तर चारपेक्षा जास्त भरतील, पण मराठीत 'चार गोष्टी' मोजायच्या नसतात.

१. 'प्रवाह' या शब्दानंच सगळा घोटाळा होतो. इंद्रायणी इथूनच, लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यातून निघते. त्यामुळं शिक्षकाचा हात आपसूक खिडकीकडं जातो आणि 'ती पाहा, तसं आपलं मन' असं वाक्य तोंडातून निसटतं. मुलांना ते लगेच पटतं. मग त्यांच्या वह्यांत एक अखंड, गुळगुळीत, कुठंही न अडखळणारं मन वाहायला लागतं. विल्यम जेम्सनं १८९० साली मानसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात ही उपमा वापरली, ती साखळी आणि गाडी या उपमा त्याला पटत नव्हत्या म्हणून. जाणिवेचे सुटे तुकडे करून ते जोडता येत नाहीत, एवढंच त्याला म्हणायचं होतं. त्याच प्रकरणात त्यानं आणखी एक उपमा दिली आहे, ती गाइडवाल्यांनी गाळली. मन पाखरासारखं असतं, थोडं उडतं, थोडं बसतं, असं तो म्हणतो. बसलेलं पाखरू आपल्याला दिसतं, म्हणजे एखादी वस्तू, एखादा चेहरा, एखादा विचार. उडतानाचं पाखरू धरता येत नाही. तरी 'आणि', 'पण', 'जर' यांचीही मनाला एक जाणीव असते, असं त्याचं म्हणणं. मे सिंक्लेअर या लेखिकेनं १९१८ साली डॉरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना जेम्सची ही संज्ञा कादंबरीला लावली आणि ती तिथंच चिकटली. शिकवायचं असतं ते हे उडणं. पाखरू कुठून उठलं, कुठं बसलं आणि मधलं अंतर लेखकानं कसं कोरं ठेवलं, हे दाखवता आलं तर तास कामाचा झाला म्हणायचं. आता मी खिडकीकडं हात करत नाही. इंद्रायणीचंही त्यावाचून काही अडलेलं नाही.

२. लिहून पाहिल्याशिवाय हे तंत्र कुणालाच कळत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही. वर्गात आम्ही एकच प्रसंग चार प्रकारे लिहितो. प्रसंग असा घ्यायचा, की त्याबद्दल मुलांना मी काही समजावून सांगायची गरज पडू नये. एक बाई वडगावला जाऊन भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून आली आहे आणि लोकलनं लोणावळ्याला परत निघाली आहे. मावळात जमिनीला भाव आल्यापासून जवळजवळ प्रत्येक घरात अशी एखादी आत्या नाहीतर मावशी निघते. 'म्हणजे काय, मॅडम?' असं कुणी विचारत नाही.

पहिला प्रकार निवेदकाचा: 'सही केल्याचं तिला वाईट वाटत होतं. पण भावाला नाही म्हणायचं धाडस तिला झालं नव्हतं.' यात सगळं कळतं, पण ती बाई कुठंच नाही. तिच्याबद्दल कुणीतरी शहाणा माणूस बोलतो आहे.

दुसरा प्रकार अवतरणातल्या स्वगताचा: '"मी सही करायला नको होती," ती मनाशी म्हणाली. "पण दादाला नाही कसं म्हणणार?"' इथं बाई आली, पण ती रंगमंचावर उभी आहे. मनाशी बोलणारं माणूस इतकी पुरी वाक्यं करत नाही.

तिसऱ्यात निवेदक आणि बाई एकमेकांत मिसळतात: 'कान्हे गेलं तशी तिनं पिशवी मांडीवर घेतली. साडी हिरवी होती. आपण हिरवी कधी नेसतो का? वहिनीला माहीत असतं. पण दादानं निदान आणली तरी.' पहिलं वाक्य निवेदकाचं आहे. शेवटचं नक्कीच त्याचं नाही. मधे कुठंतरी सांधा बदलला आणि खडखडाट झाला नाही.

आणि चौथा: 'अंगठ्याची शाई गेली नाही पदराला लागेल कामशेत का नाही अजून चिखल सगळीकडं चिखल आई गुडघाभर चिखलात हे खाचर तुझं म्हणायची लावणीपुरतं तुझं हसायची हिरवी साडी लावणीपुरती'.

हा चौथा तुकडा फळ्यावर आला की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग एखादा विचारतो, 'मॅडम, हे सुचेल तसं लिहायचं ना?' तिथं खरा तास सुरू होतो, कारण यातलं काहीही सुचेल तसं आलेलं नाही. शाईवरून पदरावर ती जाते ते काळजीपोटी. शाईचा काळा ओलेपणा आणि खिडकीबाहेरचा चिखल यांना डोळा जोडतो. चिखलावरून आई येते ती आठवणीतून. आईच्या बोलण्यातून 'लावणीपुरतं' हा शब्द पुढं सरकतो आणि साडीला जाऊन चिकटतो, तो निव्वळ शब्द म्हणून. काळजी, दृश्य, आठवण, शब्द असे चार वेगवेगळे सांधे दोन ओळींत आहेत. दर सांध्यापाशी खडूनं एक रेघ मारायची आणि 'ती इथून तिथं कशावरून गेली?' असं विचारायचं. ज्या सांध्याचं उत्तर वर्गाला काही केल्या देता येत नाही, तो सांधा लेखकाचा कच्चा. ज्याचं उत्तर फार पटकन येतं, तोही थोडा कच्चाच.

३. मनात जे सगळ्यात मोठं असतं, ते मन उच्चारत नाही. हे मला मुलांच्या वह्या तपासताना कळलं. वरचा चौथा तुकडा पुन्हा वाचा. त्यात सही नाही, जमीन नाही, दादा नाही, वाईट वाटणंही नाही. मुलांच्या पहिल्या खर्ड्यांत मात्र बाई स्वतःलाच माहिती पुरवत असते: 'माझा मोठा भाऊ, ज्याच्या नावावर मी आज वडिलोपार्जित जमीन केली...' कुणी स्वतःच्या मनात स्वतःच्या भावाची ओळख करून देत नाही. हीच माझी पहिली चाचणी आहे. पात्र स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट स्वतःलाच सांगायला लागलं, की समजावं, तिथं लेखक वाचकाकडं पाहून बोलतो आहे.

पण यातली अडचणही खरी आहे. काहीच सांगायचं नाही, तर वाचकाला कळणार कसं? याचं उत्तर आंदर मावळातून येणाऱ्या एका मुलीनं मला दाखवलं. तिच्या लिखाणात 'सही' हा शब्द एकदाही नव्हता. पण बाई सारखी अंगठ्याकडं पाहत होती. एकदा शाई पुसायला, एकदा तिकीट काढताना अंगठा पैशाला लागू नये म्हणून, आणि एकदा शेजारणीचं पोर बोट धरायला आलं तेव्हा तिनं हात मागं घेतला म्हणून. तिसऱ्या वेळी वर्गाला सगळं कळलं. एखादी गोष्ट लपवायची असेल तर तिच्याभोवती पुन्हा पुन्हा फिरायचं आणि दर वेळी निराळ्या बाजूनं. जॉइसवर मी पुष्कळ वाचलं होतं, पण ही क्लृप्ती इतकी स्वच्छ मला त्या मुलीच्या वहीत दिसली. मी तिला विचारलं, हे कसं सुचलं? 'आत्या आमच्याकडं आली की असंच करते,' ती म्हणाली. यावर शिक्षकानं काय बोलायचं?

४. जे इंग्रजीत समजावताना घाम फुटतो, ते आपल्या भाषेत मुळातच असतं. वरचा तिसरा प्रकार इंग्रजी कादंबरीत ओळखायचा, तर काळ आणि सर्वनामं यांच्यावर नजर ठेवावी लागते. पात्राचा विचार तिथं निवेदकाच्या भूतकाळात आणि तृतीयपुरुषात लिहिलेला असतो. व्हर्जिनिया वुल्फची पानंच्या पानं अशी आहेत. मुलं तिथं हमखास गडबडतात, कारण मराठीत दुसऱ्याचं बोलणं किंवा विचार सांगताना आपण काळ मागं ढकलत नाही. 'तो म्हणाला, मी येतो' हे आपण 'तो म्हणाला की आपण येतो' असं सांगतो. 'येतो' जिथल्या तिथं राहतं.

मग मराठीत कुणाच्या डोक्यात शिरलो आहोत, हे कशावरून ओळखायचं? 'आपण'वरून. 'तिला वाटलं, तिनं सही करायला नको होती' असं लिहिलं, तर ऐकणारा विचारतो, कुणी? दुसऱ्या कुठल्या बाईनं? 'तिला वाटलं, आपण सही करायला नको होती' म्हटलं, की शंका उरत नाही. आता त्यातलं 'तिला वाटलं' काढून टाका. 'आपण सही करायला नको होती.' निवेदनाच्या मधोमध असं वाक्य आलं, की निवेदकाला न हलवता आपण बाईच्या आत गेलेलो असतो. यासाठी खूण म्हणून तिरपी अक्षरं नकोत की अवतरणचिन्हं नकोत. मात्र ही सोय जपून वापरावी लागते, कारण 'आपण'मध्ये ऐकणाराही येतो आणि आदरार्थी 'तुम्ही'ही येतं. वर मीच 'आपल्या भाषेत' म्हटलं, तेव्हा तुम्हाला सोबत घेतलंच की. म्हणून आधी एखादं वाक्य बाईच्या हातात पिशवी देऊन, तिला खिडकीशी बसवून, मग 'आपण' आणायचं. मुलांना हे व्याकरण म्हणून सांगितलं की जांभया येतात. त्यांच्याच वाक्यात 'ती' खोडून 'आपण' लिहून दाखवलं की ती सावरून बसतात.

५. पूर्णविराम काढले म्हणजे संज्ञाप्रवाह झाला, हा समज जॉइसच्या शेवटच्या प्रकरणानं पसरवला. 'युलिसिस' १९२२ साली आली. तिच्या अखेरीस मॉली ब्लूमचं मन आठ प्रचंड वाक्यांत, जवळजवळ विरामचिन्हांवाचून धावतं आणि सगळ्यांना तेवढंच आठवतं. पण त्याच कादंबरीत तिच्या नवऱ्याचं मन तुटक तुटक वाक्यांत चालतं आणि त्याला पूर्णविराम आहेत. वुल्फकडं तर स्वल्पविराम आणि अर्धविराम ओसंडून वाहतात. विरामचिन्हं काढणं ही एका पात्राची लकब आहे.

मराठीत तर नुसती चिन्हं काढून काही साधतही नाही. आपलं क्रियापद शेवटी येतं. 'ती गाडीत चढली जागा मिळाली नाही उभीच राहिली' हे बिनचिन्हांचं वाक्य कुणीही न अडखळता वाचेल, कारण दर क्रियापद पूर्णविरामाचं काम करून जातं. मन दाखवायचं असेल तर क्रियापदच अर्धवट सोडावं लागतं. 'चिखल सगळीकडं चिखल आई गुडघाभर चिखलात' यात क्रियापद एकही नाही, म्हणून कोण कुठं संपतं ते कळत नाही. वर्गात हे चाललेलं असताना एका मुलानं हात वर केला आणि म्हणाला, 'मॅडम, आमच्या घरातल्या मोडी कागदांत तर शब्दसुद्धा तोडलेले नाहीत. मग आमचे पणजोबा आधुनिकतावादी का?' वर्ग हसला, मीही हसले. पण मुद्दा त्याचा बरोबर होता. मोडीतला मजकूर सलग चालतो आणि आज आपण वापरतो ती विरामचिन्हं इंग्रजी छपाईबरोबर आपल्याकडं रुळली. त्यामुळं विरामचिन्हं मोडणं हे इंग्रजी वाचकाला बंड वाटतं. मराठी वाचकाला बंड वाटावं असं आणखी काहीतरी मोडावं लागतं.

६. बाहेर घड्याळ नसेल तर आतला काळ दिसत नाही. 'मिसेस डॅलोवे' (१९२५) १९२३च्या जूनमधल्या एकाच दिवशी लंडनमध्ये घडते आणि बिग बेनचे ठोके मधून मधून पडत राहतात. मनं तीस वर्षं मागं जाऊन येतात, तेवढ्यात ठोका पडतो आणि रस्ता ओलांडायचा असतो. आमच्याकडं हे काम स्टेशनं करतात. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. मधल्या काही मिनिटांत बाईचं अख्खं माहेर येऊन जाऊ शकतं. स्टेशनांची नावं काढून तोच उतारा वाचला, की तो नुसता आठवणींचा ढीग होतो. हे मी मुलांना करून दाखवते आणि तीच म्हणतात, 'परत घाला.'

वुल्फनं याच्या पुढचीही एक गंमत केली आहे. लंडनवर एक विमान धुरानं आकाशात जाहिरातीची अक्षरं लिहितं. रस्त्यावरचे सगळे वर पाहतात आणि प्रत्येकजण वेगळंच काहीतरी वाचतो. त्या एका दृश्याच्या आधारानं निवेदन एका डोक्यातून दुसऱ्यात उडी मारतं. आम्ही मळवलीला गाडी थांबवतो. डाव्या हाताला लोहगड-विसापूर ढगात गेलेले असतात. बाईला वाटतं, लावणी उरकली असेल. ट्रेकला निघालेला पोरगा निसरड्या पायऱ्यांचा विचार करतो, आणि चिक्कीवाला रविवारच्या गिऱ्हाइकाचा. एक ढग, तीन डोकी. हा खेळ मुलांना इतका आवडतो, की तास संपला तरी नवे प्रवासी चढतच राहतात आणि मला चेन ओढावी लागते.

७. 'कोसला' संज्ञाप्रवाही नाही. उत्तरपत्रिकेत हे नाव हमखास येतं, कारण भाषा बोलीतली, सूर मोकळा आणि कादंबरी सगळ्यांच्या आवडीची. पण १९६३च्या त्या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर आपल्याला सांगतो आहे. त्याच्यासमोर ऐकणारं कुणीतरी आहे आणि त्याला ते ठाऊक आहे. 'हे कोण कुणाला सांगतंय?' एवढा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर मिळालं, तर ते निवेदन. 'कुणीच कुणाला सांगत नाही' असं म्हणावं लागलं, तर आपण योग्य जागी आलो.

८. कालक्रमानं शिकवणं हा शिक्षकाचा आळस आहे, असं माझं आता ठाम मत झालंय. अभ्यासक्रमात आधी जॉइस, मग वुल्फ, मग फॉकनर आणि शेवटी वेळ उरला तर मराठी असा क्रम असतो. वेळ उरत नाही. बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' १९४२ साली आली. मराठीतला या तंत्राचा पहिला ठळक प्रयोग म्हणून तिचं नाव घेतलं जातं. मर्ढेकर १९३०च्या आसपास इंग्लंडमध्ये होते. हे नवं लेखन तिथं तेव्हा ताजं होतं आणि ते घेऊन त्यांनी मराठी कादंबरीत उतरवून पाहिलं. कवी मर्ढेकर मुलांना माहीत असतात, कादंबरीकार मर्ढेकर बहुतेकांना वर्गातच भेटतात. नाटककार म्हणून गाजण्याआधी वसंत कानेटकरांनी 'घर'मध्ये याच वाटेनं जाऊन पाहिलं, हे तर शिक्षकांनाही आठवत नाही. या कादंबऱ्या निर्दोष नाहीत. बुद्धी कधी कधी पात्रापेक्षा लेखकाची जास्त दिसते, आणि तिसऱ्या मुद्द्यातली चाचणी लावली तर काही पानं नापास होतील. पण मुलांना सांधे शोधायला त्या फार उपयोगी पडतात, कारण तिथं भाषेची भिंत मधे येत नाही.

म्हणून माझा क्रम असा: आधी हक्कसोडपत्रवाली बाई, मग मर्ढेकर, मग वुल्फ आणि मॉली सगळ्यात शेवटी. परीक्षेत रॉबर्ट हम्फ्रीच्या १९५४च्या पुस्तकातले चार प्रकार लिहावेच लागतात आणि मी ते लिहूनही देते, कारण गुण त्यालाच आहेत. तुम्ही शिकवत असाल तर बाई बदला, गाडी बदला, स्टेशनं तुमच्या भागातली घ्या. फक्त जी गोष्ट तिच्या मनात सगळ्यात मोठी आहे, तिचं नाव फळ्यावर लिहू नका.